दोन हजारांत प्रोजेक्ट: तपकीर गल्ली की ऑनलाइन?

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा प्रोजेक्ट घेतला. मातीतला ओलावा सेन्सर मोजणार, ईएसपी32 बोर्ड तो वाचणार आणि माती कोरडी असली की व्हॉल्व्ह उघडणार. प्रत्येकी पाचशे, म्हणजे एकूण दोन हजार रुपये. त्याच्या वर कुणाकडेच काही नव्हतं, त्यामुळे खरेदीचं काम मी अंगावर घेतलं आणि आधी कागदावरच सगळा हिशोब करायचा असं ठरवलं.

यादी मी सर्किट डायग्राम पूर्ण झाल्यावरच केली. ब्लॉक डायग्रामवरून केली की "सेन्सर, बोर्ड, व्हॉल्व्ह, सप्लाय" एवढंच सुचतं. सर्किट समोर असलं की प्रत्येक रेझिस्टर, डायोड, टर्मिनल मोजता येतं आणि कुठला भाग कशासाठी हेही कळतं. आमचा व्हॉल्व्ह 12 व्होल्टचा आणि बोर्डला 5 व्होल्ट हवेत, म्हणून मध्ये व्होल्टेज कमी करणारं एलएम2596 चं बक मॉड्यूल आलं. व्हॉल्व्ह सुमारे अर्धा अँपिअर घेतो आणि बोर्डाची पिन तेवढा करंट देऊ शकत नाही, म्हणून स्विचचं काम करणारा मॉस्फेट आला. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइल उलटा झटका देते, त्यासाठी 1N4007 डायोड.

यादीत नाव अर्धवट लिहून चालत नाही. मॉस्फेटचं उदाहरण घ्या. दुकानात नुसतं "झेड 44 द्या" म्हटलं की बहुतेक वेळा IRFZ44N हातात पडतो. तो नीट चालू व्हायला गेटवर, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पिनवर, 10 व्होल्टच्या आसपास लागतात, आणि ईएसपी32 देतो 3.3. मग तो अर्धवटच चालू होतो, तापतो आणि व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी नाही. आम्हाला हवा होता IRLZ44N, कमी व्होल्टेजवर चालू होणारा. फरक एका अक्षराचा. किंमत जवळपास सारखीच, म्हणून बिलावरून काहीच लक्षात येत नाही. अंगावरचा नंबर वाचायचा, तोही काउंटरवरच.

मग भाव काढले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरून दोन-तीन दुकानांत विचारलं आणि रात्री त्याच वस्तू ऑनलाइन पाहिल्या. ऑनलाइन भाव लिहिताना एक गोष्ट पक्की पाळली: 18 टक्के जीएसटी धरूनच आकडा लिहायचा. काही साइट्स कर सोडून भाव दाखवतात. व्हॉल्व्ह एका ठिकाणी 280 दिसत होता, पण पैसे भरायच्या पानावर तो 330 होतो. दुकानातही विचारून घ्यायचं, "काका, हा बिलासकट भाव ना?"

एकेक वस्तू पाहिली तर ऑनलाइन स्वस्त वाटत होतं. ईएसपी32 बोर्ड गल्लीत 450, ऑनलाइन 380. व्हॉल्व्ह 420 विरुद्ध 330. ओलाव्याचे दोन सेन्सर 240 विरुद्ध 150. अडॅप्टर, बक मॉड्यूल आणि मॉस्फेट मिळून 290 विरुद्ध 260. पण किरकोळ सामान आलं की चित्र उलटतं. आम्हाला रेझिस्टर लागत होते पाच-सहा, ऑनलाइन मिळत होतं पन्नास-शंभराचं पाकीट. हेडर, टर्मिनल, वायर, सगळ्याचं तेच. गल्लीत सुटं मिळतं, त्यामुळे परफ बोर्डासकट किरकोळ सामान 170 मध्ये बसत होतं. ऑनलाइन त्याचेच 390. प्लॅस्टिकचा बॉक्स इलेक्ट्रिकच्या दुकानात 120, ऑनलाइन 190. सगळं गल्लीतून घेतलं तर 1690, आणि सगळं ऑनलाइन घेतलं तर 1700 अधिक 70 डिलिव्हरी.

म्हणजे यादी फोडायची. डिलिव्हरीचे 70 रुपये एका ऑर्डरला एकदाच लागतात, म्हणून जिथे मोठा फरक आहे त्याच वस्तू एका ऑर्डरमध्ये घालायच्या. बोर्ड, व्हॉल्व्ह आणि सेन्सर ऑनलाइन, बाकी गल्लीतून असं धरलं तर एकूण 1510 येत होते. आकड्यांपुरतं हे बरंच स्वस्त, आणि माझे मित्र त्यावरच अडून बसले होते.

मी सेन्सर मात्र दुकानातूनच घ्यायचे म्हटलं. हा काळा, पट्टीसारखा कपॅसिटिव्ह सेन्सर, त्यावर "v1.2" छापलेलं असतं. त्याच्या डोक्यावर आठ पायांची छोटी 555 ची चिप असते. काही पट्ट्यांवर TLC555 असते, ती 2 व्होल्टपासून चालते. काहींवर NE555, तिला किमान 4.5 व्होल्ट लागतात. आम्ही सेन्सर 3.3 व्होल्टवर चालवणार होतो, तिथे NE555 वाल्या पट्टीच्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही पट्ट्या लांबून अगदी सारख्या दिसतात. ऑनलाइन फोटोत चिपवरची अक्षरं वाचता येत नव्हती, आणि फोटोतलीच पट्टी येईल याची खात्री कोण देणार?

दुकानदारांना मी म्हटलं, "दादा, चार-पाच पट्ट्या काढा ना, चिपवरचं वाचून घेतो." त्यांनी अख्खी थैलीच पुढे केली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. एकाच थैलीत दोन्ही प्रकार निघाले. मी TLC वाल्या दोन वेचून घेतल्या. त्यासाठी 90 रुपये जास्त गेले, पण नको ती पट्टी आली असती तर नवी ऑर्डर, परत 70 डिलिव्हरी आणि चार-पाच दिवसांची वाट, हे त्या 90 रुपयांहून महाग पडलं असतं.

व्हॉल्व्ह उलट ऑनलाइनच बरा वाटला, आणि तेही फक्त भावामुळे नाही. त्याच्या माहितीत पाण्याचा दाब लिहिलेला होता: 0.02 ते 0.8 मेगापास्कल. 10 मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण 0.1 मेगापास्कल, म्हणजे हा व्हॉल्व्ह नीट उघडायला किमान 2 मीटर उंचीवर पाणी हवं. स्टुलावर ठेवलेल्या बादलीवर तो चालणार नाही. तिथे छोटा पंप घ्यावा लागतो आणि यादीच बदलते. आमची टाकी गच्चीवर आणि रोपं खाली अंगणात, त्यामुळे प्रश्न नव्हता. पार्सल आल्या दिवशीच मल्टिमीटरने कॉइल तपासली. 12 व्होल्टला अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे 25 ओहमच्या जवळपास दिसायला हवं, तसंच दिसलं. ही तपासणी परत करण्याची मुदत संपायच्या आत व्हायला हवी, म्हणून बाकीचं सामान जमायची वाट पाहिली नाही.

शेवटी 1600 रुपयांत इलेक्ट्रॉनिक्स झालं. नळी, अर्ध्या इंची आट्यांचे जोड आणि टेफ्लॉन टेप ठिबकच्या दुकानातून 160 ला. उरलेल्या 240 मधून आणखी एक मॉस्फेट आणि दोन डायोड घेऊन ठेवले, कारण सोल्डरिंग करताना तेच जळतात. महागडा बोर्ड मात्र आणखी एक घेणं परवडणारं नव्हतं. ज्युनिअर्सनी यादी मागितली तेव्हा भावाचा रकाना रिकामा करून दिली. नंबर, संख्या आणि "हे कशासाठी" हा रकाना मात्र तसाच ठेवलाय.