तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरची किल्ली

“अगं, फोनच्या वर ही बारकी किल्ली कसली आलीय? आधी नव्हती. मी काही दाबलं तर नाही ना?”

दाबलं असणार, किंवा घरातल्या कुणीतरी तुमच्यासाठी दाबून दिलं असणार. ती किल्ली आपोआप येत नाही. फोन बिघडलाय किंवा कुणी तो कुलूपबंद केलाय असाही तिचा अर्थ नाही. वर वेळ, बॅटरी आणि रेंजच्या काड्या दिसतात त्या पट्टीत किल्ली आली, की अँड्रॉइड फोन एवढंच सांगत असतो: व्हीपीएन चालू आहे. आयफोनवर किल्लीऐवजी VPN अशी सरळ तीन अक्षरं दिसतात. खरं तर तेच बरं, कारण किल्ली बघून माणसाला वाटतं की आपलं सगळं कुलपात सुरक्षित आहे.

व्हीपीएन म्हणजे काय, ते पत्राच्या भाषेत सांगते. तुम्ही फोनवर एखादं पान उघडता, तेव्हा खरं तर एक पत्र पाठवता आणि त्याचं उत्तर येतं. पत्र नेणारा पोस्टमन म्हणजे तुमची नेट देणारी कंपनी. हल्ली बहुतेक पाकिटं चिकटवलेली असतात, त्यामुळे पोस्टमनला आतला मजकूर वाचता येत नाही. पण वरचा पत्ता तो वाचतोच: या घरातून बँकेला पत्र गेलं, हे बातम्यांच्या पानाला गेलं, हे रात्री दोन वाजता औषधांच्या पानाला गेलं.

आता समजा, तुम्ही मधे एक माणूस नेमलात. तुमचं प्रत्येक पत्र एका मोठ्या पाकिटात घालायचं, त्यावर फक्त या मधल्या माणसाचा पत्ता लिहायचा आणि ते मोहोरबंद करून पोस्टमनला द्यायचं. पोस्टमनला एवढंच कळतं की सगळी पत्रं एकाच ठिकाणी चाललीत. मधला माणूस मोठं पाकीट फोडतो, आतलं पत्र खऱ्या पत्त्यावर धाडतो आणि उत्तर आलं की ते तसंच बांधून तुमच्याकडे पाठवतो. हा मधला माणूस म्हणजे व्हीपीएन. किल्ली दिसतेय तोवर तुमची पत्रं त्याच्या हातून चालली आहेत.

पोस्टमनला जे पत्ते दिसायचे ते आता या मधल्या माणसाला दिसतात. लपलं काहीच नाही, फक्त बघणारा बदलला. म्हणून किल्ली दिसली की “मी सुरक्षित आहे का?” हा प्रश्न पुढचा. आधी विचारायचं, “हा मधला माणूस कोण?”

तो भला असू शकतो. घरून काम करणाऱ्यांच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन असतं. एखाद्या नातवाने जाहिराती अडवणारं अ‍ॅप घालून दिलेलं असतं. अशी पुष्कळ अ‍ॅप फोनमधल्या फोनमध्येच एक लुटुपुटूचा मधला माणूस उभा करतात, आणि तो पत्रं चाळून जाहिरातींची तेवढी बाजूला टाकतो. फोनच्या लेखी तेही व्हीपीएनच, म्हणून किल्ली तीच. ती बघून मधला माणूस फोनच्या आत बसलाय की दूरदेशी, हे कळत नाही.

आणि फुकटचा मधला माणूस जपून घ्यावा. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन अ‍ॅप लोक सुरक्षेसाठी म्हणून वापरत होते, आणि लोक इतर कुठली अ‍ॅप किती वापरतात हे त्यातून फेसबुकला कळत होतं. 2018 मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून निघालं. ही झाली नावाजलेल्या कंपनीची गोष्ट, बिननावाच्या अ‍ॅपांचं तर विचारूच नका.

माझ्या आजोबांच्या फोनवर किल्ली आली तेव्हाचं सांगते. बातमी वाचताना मधेच एक लाल चौकट आली, “तुमचा फोन धोक्यात आहे.” आजोबांनी तिथूनच एक फुकट अ‍ॅप घेतलं. ते उघडल्यावर फोनने स्वतःची एक चौकट दाखवली, Connection request अशी. हे अ‍ॅप व्हीपीएन जोडू पाहतंय, त्यातून त्याला तुमच्या नेटवरच्या ये-जा करणाऱ्या माहितीवर नजर ठेवता येईल, विश्वास असेल तरच हो म्हणा, असं तिच्यात असतं. व्हीपीएन चालू असताना वर किल्ली दिसेल, हेही तिथेच सांगितलेलं असतं. आजोबांनी OK दाबलं. “चष्मा आतल्या खोलीत होता,” हे त्यांचं स्पष्टीकरण, आणि मी ते मान्य केलं.

मी वरून खाली बोट ओढून सूचनांचा पडदा उघडला. तिथे किल्लीच्या चित्राशेजारी त्या अ‍ॅपचं नाव होतं. मधला माणूस कोण, ते असं दोन सेकंदांत कळतं. आजोबांना नाव ओळखीचं वाटेना. मग सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या चौकटीत VPN लिहिलं. हा रस्ता मला आवडतो, कारण प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे पान वेगळ्या ठिकाणी दडवलेलं असतं. यादीत तेच एक नाव होतं, शेजारी दातेरी चाक. चाक दाबल्यावर आत दोन खटके दिसले, दोन्ही चालू: Always-on VPN आणि Block connections without VPN.

तेव्हा कुठे उलगडा झाला. आजोबा आठवडाभर म्हणत होते, “ते अ‍ॅप बंद केलं की नेटच जातं, म्हणजे ते लागतंच.” लागत काही नव्हतं. दुसऱ्या खटक्याचा अर्थच असा, की मधला माणूस नसेल तर एकही पत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही. ऑफिसच्या फोनला हे शोभतं. इथे मात्र अ‍ॅपनेच “पूर्ण सुरक्षेसाठी हे दोन्ही चालू करा” म्हणत त्यांना त्या पानावर नेलं होतं.

मी दोन्ही खटके बंद केले, तिथलंच Forget VPN दाबलं आणि मग अ‍ॅप काढून टाकलं. नुसतं Forget करून थांबलं तर अ‍ॅप परत कधीतरी तीच चौकट पुढे करतं आणि चष्मा परत आतल्या खोलीत असतो. किल्ली गेली, आणि नेट चालूच राहिलं. आजोबांनी खात्रीसाठी तीनदा बातम्या उघडून पाहिल्या.

तुमच्या फोनवर असेल तर आधी पडदा ओढून नाव वाचा, आणि फोन ज्याने लावून दिला त्याला ते नाव जसंच्या तसं वाचून दाखवा. त्याने मुद्दाम घातलेलं असेल तर राहू द्या. तसं असेल आणि बँकेचं अ‍ॅप उघडायला नकार देत असेल, तर तेवढ्यापुरतं व्हीपीएन बंद करून बघा. काही बँकांच्या अ‍ॅपना मधला माणूस चालत नाही.

आणि हो, पासवर्ड टाकताना कीबोर्डच्या वरच्या पट्टीत एक किल्ली दिसते, ती निराळी. ती फोनने लक्षात ठेवलेले पासवर्ड पुढे करते. आमच्या आजीने ती बघून दोनदा फोन केला होता.