तुम्ही विचारलंत म्हणून: आयव्ही तळाला असताना कॅलेंडर घ्यावं का?

"आयव्ही इतकी खाली आली आहे, प्रीमियम स्वस्त दिसतायत. मग लांबच्या मुदतीचे ऑप्शन नाहीतर कॅलेंडर घेऊन ठेवायला काय हरकत आहे? इथून आणखी खाली जाऊन जाऊन जाणार किती?"

लांबच्या मुदतीचे ऑप्शन काही अटींवर मी घेते. कॅलेंडर, म्हणजे एकाच स्ट्राइकचा जवळच्या मुदतीचा ऑप्शन विकून लांबच्या मुदतीचा घेणं, मात्र अशा वेळी बहुतेकदा घेत नाही. आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात दडलेला बाजाराच्या हालचालीचा वार्षिक अंदाज, तळाला असते नेमकं तेव्हाच ते महाग पडतं, आणि ही गोष्ट मला पैसे गेल्यावर कळली.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, कारण सगळी गफलत तिथेच सुरू होते. 2017 च्या मे महिन्यात अमेरिकेचा विक्स, म्हणजे एस अँड पी 500 च्या ऑप्शनवरून निघणारा 30 दिवसांच्या आयव्हीचा निर्देशांक, 10 च्या खाली बंद झाला. इतक्या वर्षांत क्वचितच दिसलेला आकडा होता तो. आता वरच जाणार, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. विक्स मात्र पुढेही खालीच रेंगाळला आणि 3 नोव्हेंबरला 9.14 वर बंद झाला. खरा भडका उडाला 5 फेब्रुवारी 2018 ला, एका दिवसात 17.31 वरून 37.32. म्हणजे मे महिन्यातल्या खरेदीदाराचा अंदाज बरोबर होता, पण तो खरा ठरेपर्यंत त्याला नऊ महिने प्रीमियम झिजताना बघावं लागलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वर्षी एस अँड पी 500 प्रत्यक्षात वर-खाली हलला तो वार्षिक 7 टक्क्यांच्या आसपासच्या वेगाने. बाजार 7 ने हलत असताना 10 ने घेतलेला ऑप्शन इतिहासाच्या मानाने स्वस्त होता, पण त्या बाजाराच्या मानाने महाग होता. ऑप्शनचा हिशेब बाजार शेवटी प्रत्यक्ष हालचालीनेच चुकता करतो, आयव्हीचा दहा वर्षांचा आलेख तिथे कामाला येत नाही.

आता कॅलेंडर. आकडे सोपे राहावेत म्हणून निर्देशांक 10000 धरू आणि व्याज बाजूला ठेवू. चालू भावाच्या स्ट्राइकचा ऑप्शन साधारण कितीला पडेल, ते तोंडी काढता येतं:

```
प्रीमियम ≈ 0.4 × भाव × आयव्ही × √(दिवस ÷ 365)
```

सूत्रात आयव्ही टक्क्यांत धरायची, 9 म्हणजे 0.09. समजा 30 दिवसांची आयव्ही 9 आहे आणि 90 दिवसांची 12. शांत बाजारात चित्र असंच असतं: जवळचा महिना आजच्या शांततेकडे बघून भाव ठरवतो, तर लांबच्या महिन्याला माहीत असतं की शांतता कायमची नसते. म्हणून जवळची आयव्ही जितकी तळाला जाते, तितका हा चढ तीव्र होत जातो. 10000 चा 30 दिवसांचा कॉल 103 ला विकला आणि 90 दिवसांचा 238 ला घेतला, तर कॅलेंडर 135 ला पडलं. स्क्रीनवर दिसतं की आपण 12 ने घेतलं. पण पहिले 30 दिवस आपण 9 ने विकून टाकलेत, त्यामुळे हातात खरं काय उरलं? त्यानंतरचे 60 दिवस. त्यांचा भाव असा निघतो:

```
√((12² × 90 − 9² × 30) ÷ 60) ≈ 13.25
```

म्हणजे स्वस्त आयव्ही म्हणून जी वस्तू उचलली, ती पडली 13.25 ला. विकली ती 9 ची, स्क्रीनवरची सगळ्यात स्वस्त. आयव्ही तळाला आहे हे ज्या आकड्यावरून ठरवलं, तो आकडा आपण विकत घेतलाच नाही.

आता 30 दिवसांनी काय होतं ते पाहू. बाजार बरोबर 10000 वरच असेल आणि उरलेल्या 60 दिवसांची आयव्ही 11 असेल, तर कॅलेंडर 178 चं होतं. 43 सुटले, छान. आयव्ही 12 ची 11 का धरली? कारण चढ तसाच राहिला तर 90 दिवसांचा ऑप्शन 60 दिवसांचा होताना त्या चढावरून खाली घसरतो. आयव्ही कुठेही 'पडलेली' नसते, तरी आपल्या हातातली एक पॉइंट कमी झालेली असते. पण बाजार 10000 वरून फक्त 1 टक्का इकडे-तिकडे सरकला, तर नफा पूर्ण संपतो. 9 ची आयव्ही स्वतःच सांगत असते की 30 दिवसांत अडीच टक्क्यांची हालचाल ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याला हवी आहे त्याच्याही निम्म्याहून कमी. चढ नसता, दोन्ही मुदती 10 वर असत्या, तर तेच कॅलेंडर 84 ला मिळालं असतं आणि जवळजवळ 2 टक्क्यांपर्यंतची हालचाल त्याने सोसली असती. ही तफावत मला फार मोलाची वाटते, आणि आयव्हीची पातळी बघून ती कधीच दिसत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: "पण बाजार कोसळला तर आयव्ही उसळेल, तिथे कमाई होईल ना?" मीही याच आशेवर कॅलेंडर घेतलं होतं. घेतल्यावर दहाव्या दिवशी बाजार जोरात तुटला. त्या दिवशीचं पान अजून माझ्या वहीत आहे. वर मोठ्या अक्षरात 'आयव्ही वाढली!' असं लिहिलंय आणि त्याखाली पोझिशनचा भाव लाल पेनने, दोनदा तपासून. मला वाटत होतं स्क्रीन चुकतेय. तो दिवस वरच्या उदाहरणाच्या मापात बसवला तर असं दिसेल: निर्देशांक 9500 वर आला, जवळच्या ऑप्शनची आयव्ही 9 वरून 28 झाली, लांबच्याची 12 वरून 19. विकलेला कॉल 80 चा, घेतलेला 152 चा, फरक 72. ज्या दिवसाची वाट बघत होते तो दिवस उजाडला आणि 135 चे 72 झाले.

एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या होत्या. घाबरलेल्या बाजारात जवळच्या महिन्याची आयव्ही लांबच्यापेक्षा कितीतरी जास्त उसळते, आणि आपण विकलेला तोच महिना असतो. शिवाय आयव्ही उसळवणारी घटना भावालाही स्ट्राइकपासून लांब फेकते, आणि स्ट्राइकपासून लांब गेलेल्या कॅलेंडरमध्ये फारसं काही उरत नाही. पहिली अडचण काढून टाकून बघा. धीर धरून जवळची एक्स्पायरी होऊ दिली, बाजार 9500 वरच राहिला आणि लांबच्याची आयव्ही चक्क 20 वर टिकली. कॅलेंडर 126 चं. आयव्ही 12 ची 20 झाली, तरी 135 सुटत नाहीत. कॅलेंडरला वेगा असतो, म्हणजे आयव्ही वाढली की त्याचा भाव वाढतो, हे खरं आहे, पण त्याला भाव जागच्या जागी हवा असतो. आयव्ही वाढावी आणि भाव हलू नये, या दोन मागण्या निर्देशांकात क्वचितच एकत्र पुऱ्या होतात.

म्हणून कॅलेंडर घ्यायचंच असेल तर मी आयव्हीची पातळी सोडून वरचं दुसरं सूत्र आधी मांडते. उत्तर लांबच्या आयव्हीच्या अगदी जवळ आलं, म्हणजे चढ जवळजवळ सपाट असला, तर पुढचा विचार. ते एक-सव्वा पॉइंटने वर निघालं की सोडून देते. अशा सपाट संधी तळाच्या आयव्हीत फार थोड्या सापडतात. बाजार नुकताच घाबरून सावरू लागलेला असतो तेव्हा त्या जास्त दिसतात, आणि तेव्हा आयव्ही 'स्वस्त' असते असं कुणी म्हणणार नाही.

लांबच्या मुदतीच्या ऑप्शनमध्ये निदान आपण काही विकलेलं नसतं, त्यामुळे बाजार जोरात हलला तरी विकलेली बाजू उसळून कॅलेंडरसारखं कोंडीत पकडत नाही. पण तिथेही 'स्वस्त' हा शब्द जपून वापरावा. वर्षभराची आयव्ही 14 असेल तर 10000 चा कॉल साधारण 558 ला पडतो. जवळची आयव्ही 9 दिसत असली, तरी इथे आपण 14 मोजतोय. आणि ही लांबची आयव्ही जड असते. महिन्याची आयव्ही 10 पॉइंटांनी उसळली तर वर्षाची ढोबळमानाने 3 च्या आसपास हलते. वर्षाच्या कॉलला एका पॉइंटमागे सुमारे 40 मिळतात, म्हणजे मोठ्या भडक्यातही आयव्हीतून 120 च्या आसपास. कॉलऐवजी पुट घेतला असेल, तर पडझडीत भावाच्या हालचालीचे पैसे वेगळे मिळतात, आणि खरी कमाई बहुधा तिथूनच होते. दुसरीकडे, तीन महिने काहीच घडलं नाही आणि आयव्ही 14 वरच राहिली, तरी 558 चे 483 होतात. तेवढ्यात ती 13 वर घसरली तर 449.

आणि हा सगळा हिशेब ऑर्डर टाकण्याआधीच बिघडू शकतो. लांबच्या मुदतीत बिड 540 आणि ऑफर 580 असं अंतर सर्रास दिसतं. ते 40 म्हणजे आयव्हीचा एक अख्खा पॉइंट. घेताना अर्धा आणि विकताना अर्धा जाणार. जिथे दोन-तीन पॉइंटांच्या वाढीसाठी आपण बसलोय, तिथे हा फार मोठा वाटा आहे. मी मधल्या भावाला लिमिट लावते आणि मिळालं नाही तर त्या दिवशी घेतच नाही.

म्हणून माझी अट एवढीच: गेल्या एक-दोन महिन्यांत बाजार प्रत्यक्षात ज्या वेगाने हलला, तो मी मोजत असलेल्या आयव्हीच्या जवळपास असावा. आयव्ही 16 म्हणजे रोज साधारण 1 टक्का, 12 म्हणजे पाऊण टक्का. रोजची हालचाल पाव-अर्ध्या टक्क्यात अडकली असेल, तर 12 ची आयव्ही दहा वर्षांच्या तळाला असली तरी मी थांबते. रोजची हालचाल वाढू लागली आणि आयव्ही अजून तिथेच रेंगाळतेय असं दिसलं, की घेते. त्यात तळ हुकतो, थोडं महाग पडतं, पण वाट बघण्याचा काळ पुष्कळ कमी होतो.

घेतलेला वर्षाचा ऑप्शन मी शेवटपर्यंत धरून ठेवत नाही. आयव्ही तीच धरली, तर पहिल्या सहा महिन्यांत 558 चे 395 होतात, 163 गेले. उरलेले 395 पुढच्या सहा महिन्यांत जातात. म्हणून पाच-सहा महिने उरले की तो विकते, आणि अजून घ्यावासा वाटत असेल तर पुन्हा वर्षाचा घेते, तेव्हाच्या भावाने आणि तेव्हाची हालचाल नव्याने मोजून.