पत्रिकेवर एक नाव, माइकसमोर दुसरं

व्याख्यान संध्याकाळी सहाला होतं आणि साडेतीनला मॅडमचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. अंगात ताप होता, डॉक्टरांनी उठू नका म्हणून बजावलं होतं. विषय भूकंपाचा, पत्रिका महिनाभर आधी वाटलेल्या, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. त्यांनीच त्यांच्या एका सहकाऱ्याचं नाव सुचवलं आणि त्यांना विचारूनही ठेवलं होतं. फोन ठेवण्याआधी मी विचारलं, "श्रोत्यांना कारण काय सांगू?" त्या म्हणाल्या, "ताप-बीप नको रे. उद्या दिवसभर लोक फोन करत बसतील. प्रकृतीच्या कारणाने, बास." हे विचारलं ते बरं झालं, नाहीतर मी आपुलकीच्या भरात त्यांचा थर्मामीटरचा आकडासुद्धा सांगितला असता.

मग सरांना फोन लावला. पहिला प्रश्न नावाचा. त्यांच्या आडनावात च आहे. तो चहातला की चाकातला, हे कागदावर बघून कळत नाही. मी म्हणून दाखवलं, चुकलो, त्यांनी सुधारलं, मी परत म्हटलं. दुसरा प्रश्न विषयाचा. मी गृहीत धरून चाललो होतो की मॅडमचाच विषय ते बोलतील. ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्या जागेवर मी येतोय, पण त्यांचं भाषण मला करता येणार नाही. त्या भूकंपांच्या इतिहासावर बोलणार होत्या. मी यंत्रावरच्या रेघा वाचतो. चालत असेल तर त्यावर बोलेन." चालणार होतंच. पण म्हणजे फक्त नाव नाही, विषयही बदलला होता आणि तोही लोकांना सांगायला हवा होता. मॅडमचं नाव वाचून येणारा एक वर्ग असतो, तसा विषय वाचून येणाराही असतो.

चार वाजता परिचय लिहायला बसलो. पहिला खर्डा असा उतरला:

"आजच्या प्रमुख वक्त्या काही अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकत नाहीत, याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. तथापि आमच्या विनंतीला मान देऊन ऐनवेळी सर धावून आले आहेत. मॅडमची उणीव ते निश्चितच भरून काढतील."

मोठ्याने वाचलं आणि लाज वाटली. हा परिचय सर दोन हातांवर खुर्चीत बसून ऐकणार होते. तीन वाक्यांपैकी पहिलं आणि शेवटचं मॅडमबद्दल, आणि मधलं सरांबद्दल असलं तरी त्यातून एवढंच कळत होतं की त्यांची तयारी झालेली नाही. 'ऐनवेळी' या शब्दाचा श्रोत्याच्या मनात तोच अर्थ होतो. 'उणीव भरून काढतील' म्हटलं की पुढचा तासभर लोक मोजतच बसतात, भरली की नाही. आणि 'अपरिहार्य कारणास्तव' ऐकलं की सभागृहात कुजबुज सुरू होते, कारण आपण सगळेच तो शब्द काहीतरी झाकायला वापरतो.

खर्डा सुधारत बसलो, पण जमेना. अर्ध्या तासाने लक्षात आलं की गडबड शब्दांची नाही, मांडणीची आहे. मी दोन कामं एकाच दमात उरकत होतो: बदल कळवणं आणि वक्त्याची ओळख करून देणं. ती वेगळी केली. बदल कार्यक्रम सुरू होतानाच सांगायचा, मग अध्यक्षांचं प्रास्ताविक, आणि त्यानंतर सरांचा परिचय. मधल्या दहा मिनिटांत लोकांची जी काही निराशा व्हायची ती होऊन जाईल, आणि परिचयात बदलाचा उल्लेखच करावा लागणार नाही.

बदलाचं निवेदन असं झालं: "सुरुवातीला एक बदल सांगतो. पत्रिकेत ज्यांचं नाव आहे त्या मॅडम प्रकृतीच्या कारणाने आज येऊ शकलेल्या नाहीत. आजचं व्याख्यान त्यांचे सहकारी देतील आणि विषय असेल, 'भूकंपाची रेघ कशी वाचायची'. मागच्या फलकावर जुनंच नाव आहे, तो आधी छापून झाला होता. मूळ विषयासाठी आलेल्या कुणाला निघायचं असेल, तर आत्ता अवश्य निघावं." एवढंच. दिलगिरी नाही. आजारी पडणं हा कुणाचा अपराध नव्हता, आणि यजमानच तीनदा माफी मागायला लागला की पाहुण्याला आपण कमअस्सल माल असल्यासारखं वाटतं. शेवटच्या वाक्यावर आमचे कार्यवाह नाराज होते. "लोकांना दार कसलं दाखवतोस?" पण भाषणाच्या मध्यात उठून जाणारा माणूस वक्त्याला जास्त लागतो.

फलकाचा प्रश्न मात्र छळत होता. मॅडमचा हसरा फोटो, आणि त्याच्याखाली उभं राहून सर बोलणार. कुणीतरी पांढरा कागद चिकटवू म्हणालं. ते तर आणखीच वाईट दिसलं असतं. शेवटी प्रोजेक्टरचा पडदा फलकासमोर खाली घेतला आणि त्यावर सरांचं नाव आणि नवा विषय लावून ठेवला. टेबलावरची नावाची पाटी सहाला पाच कमी असताना कुणाच्या तरी लक्षात आली.

आता परिचय. सरांनी पाठवलेली माहिती दोन पानांची होती. त्यातली एकही पदवी मी घेतली नाही असं नाही, एक घेतली. बाकी जागा फोनवर त्यांनी सहज सांगितलेल्या गोष्टीला दिली. भूकंपाच्या दोन मुख्य लहरी निघतात एकदमच, पण प्राथमिक लहर जोरात धावते आणि दुय्यम मागे पडते. दोन्ही पोचण्यात जितक्या सेकंदांचं अंतर, त्याला आठाने गुणलं की जवळच्या भूकंपाचं केंद्र किती किलोमीटरवर आहे याचा ढोबळ अंदाज येतो. मी असं म्हटलं:

"यंत्रावर एक रेघ थरथरते. थोड्या वेळाने ती पुन्हा, जास्त जोरात थरथरते. मधे दहा सेकंद गेले असतील तर भूकंप साधारण ऐंशी किलोमीटरवर झाला. हा हिशेब आपल्यालाही करता येईल. पण ती पहिली थरथर भूकंपाची होती की रस्त्यावरून गेलेल्या ट्रकची, हे ओळखायला वर्षानुवर्षं रेघा पाहिलेले डोळे लागतात. ते डोळे आज आपल्यासमोर आहेत." मग पदवी, हुद्दा आणि सगळ्यात शेवटी नाव, चाकातल्या च सकट. नाव शेवटी ठेवलं की टाळ्या कुठे वाजवायच्या हे सांगावं लागत नाही. सगळं मिळून सव्वा मिनिट.

सर माइकसमोर आले आणि थेट पहिल्या रेघेपासून सुरू झाले. बदली म्हणून आल्याबद्दल एक शब्दही त्यांना बोलावा लागला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

ती घाई झाली. आभार मानायला उठलेल्या गृहस्थांच्या खिशात सकाळी लिहिलेला कागद होता. निवेदन त्यांनी ऐकलं होतं, भाषणही तासभर ऐकलं होतं, तरी कागद उघडला आणि मॅडमच्या 'ओघवत्या, माहितीपूर्ण व्याख्यानाबद्दल' मॅडमचे मनापासून आभार मानले. मी पत्रिका, पाटी, पडदा सगळं तपासलं होतं. तो कागद राहिला. सरच सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. हा किस्सा त्यांच्यापर्यंत पोचलाच होता. हसून झाल्यावर म्हणाल्या, "आणि तू जा म्हटल्यावर गेले किती?"

"तीन जण."

"फक्त? माझ्या व्याख्यानाला न सांगता याहून जास्त जातात."