तक्रार स्प्लिंटची, दुखणं शंटचं

नवे स्प्लिंट घातल्यापासून मुलगी सारखी अडखळते, असं तिच्या आईने फोनवर सांगितलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्पायना बिफिडा असलेल्या मुलांच्या घरी जाऊन काम करते. ही मुलगी नऊ वर्षांची. जन्मतःच कमरेच्या मणक्यात फट होती. पाठीवरची जखम शस्त्रक्रियेने बंद केली आणि डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून थोड्याच दिवसांत शंट बसवला. मेंदूतल्या पोकळीतून निघालेली ही बारीक नळी कानामागच्या व्हॉल्व्हमधून, मान आणि छातीच्या कातडीखालून पोटात उतरते. जास्तीचं पाणी पोटात जातं आणि तिथे शोषलं जातं. तिच्या मांड्यांत चांगली ताकद आहे, पण घोट्याखाली ताकदही नाही आणि स्पर्शही कळत नाही. म्हणून गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टिकचे स्प्लिंट आणि हातात कोपरापर्यंतच्या कुबड्या.

आधी स्प्लिंटच बघितले. पायाला काही कळत नसलेल्या मुलाला "दुखतंय का?" विचारून उपयोग नसतो, डोळ्यांनीच बघावं लागतं. मोजे काढून टाच, घोट्याची दोन्ही हाडं आणि करंगळीच्या बाजूची कड पाहिली. स्प्लिंटचा थोडा लालपणा होता, पण आम्ही बोलत होतो तेवढ्यात तो गेलाही. अर्ध्या तासानंतरही डाग तसाच राहिला असता, तर स्प्लिंट तिथे दाबतोय असं धरून तो पुन्हा साच्यावर पाठवला असता. पायांची ताकद मागच्या नोंदीइतकीच होती. मग अडखळते कशाने?

तिला चालायला सांगितलं. पावलं नेहमीसारखी पडत होती, चुकत होत्या त्या कुबड्या. उंबऱ्यापाशी तिने डावी कुबडी चक्क उंबऱ्याच्या कडेवर टेकवली आणि ती घसरली. पुढच्या वेळी तिने डावा डोळा मिटला आणि बरोबर पार झाली. त्या मिटलेल्या डोळ्यापाशी माझं लक्ष अडकलं.

"शाळेतूनही सारखं सांगतायत मॅडम, लक्ष देत नाही, आळशी झाली आहे," असं म्हणत आईने वही पुढे केली. त्या वहीत श्रुतलेखनाची पानं तिच्या नेहमीच्या अक्षरात, जवळजवळ बिनचूक होती. फळ्यावरून उतरवलेल्या पानांवर मात्र शब्द गळलेले, एकच ओळ दोनदा लिहिलेली, बेरजेतले आकडे शेजारच्या रांगेत गेलेले. आळशी मूल दोन्हीकडे आळस करतं. इथे जे जवळ होतं ते ठीक होतं आणि जे लांब होतं ते बिघडलं होतं. मी एक बोट तिच्या नाकासमोर धरलं, तिला एकच दिसलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेच बोट दाखवलं, तर म्हणाली, "दोन." बोट डावीकडे नेलं तेव्हा डावा डोळा पूर्ण बाहेरपर्यंत जातच नव्हता. डोळा बाहेर वळवणारी नस कवटीत लांबचा प्रवास करते, त्यामुळे आतला दाब वाढला की ती दाबली जाते, आणि मग लांबचं दुहेरी दिसू लागतं.

मग सकाळबद्दल विचारलं. उठल्यावर डोकं दुखतं, तासाभराने थांबतं. उलटी मधूनमधून झाली होती, पहाटेच, आणि त्यानंतर भूकही लागायची, म्हणून घरी ते पित्तावर गेलं होतं. आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब आणखी वाढतो. म्हणून शंट नीट चालत नसेल तर त्रास बहुधा पहाटे दिसतो आणि दिवसा मूल बरं वाटतं. ताप नव्हता, पोट दुखत नव्हतं, नळीवर लाली नव्हती, तेव्हा जंतुसंसर्गाची शक्यता कमी. पण मानेवर, नळीच्या वाटेत, बोटाला मऊ फुगवटा लागला. व्हॉल्व्ह मी दाबून पाहिला नाही. तो दाबल्याने शंट चालू आहे की बंद, हे खात्रीने कळत नाही, आणि पालकांनी तर तो प्रयोग करूच नये.

आईला मी सरळ सांगितलं, की हे स्प्लिंटचं नाही, शंटचं वाटतंय, आजच जायचं. तिला आता काही खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. जुने स्कॅन बरोबर घ्या. लॅटेक्सची ॲलर्जी आहे हे दारातच सांगा. वाटेत ती गुंगायला लागली किंवा तिला फिट आली तर थेट रुग्णवाहिका बोलवा. न्यूरोसर्जरी विभागाला मीच फोन करून सांगितलं: शंट असलेली मुलगी, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, डावा डोळा बाहेर वळत नाही, मानेवर सूज.

जुने स्कॅन नेले हे फार बरं झालं. नवा सीटी स्कॅन एकटा पाहिला असता तर पोकळ्या फार मोठ्या वाटल्या नसत्या. काही मुलांत शंट बंद पडूनही त्या फारशा फुगत नाहीत. जुन्याशेजारी नवा ठेवला तेव्हा फरक दिसला. मग डोक्यापासून पोटापर्यंत एक्स-रे काढले आणि मानेत नळी तुटलेली सापडली, दोन टोकांत चांगलं अंतर पडलेलं. वर्षानुवर्षं कातडीखाली राहून नळीवर कॅल्शियम चढतं, ती कडक होते. मूल उंच होतं, मान वळत राहते आणि ती तिथे तुटते. तुटल्यावरही भोवती तयार झालेल्या पेशींच्या वेष्टनातून पाणी काही काळ झिरपत राहतं. म्हणून सगळं एकदम कोसळलं नाही, हळूहळू बिघडत गेलं. इतकी वर्षं शंट बिनतक्रार चालला याचा अर्थ तो पुढेही चालेल असा होत नाही. त्याच रात्री नळी बदलली.

सकाळची डोकेदुखी लगेच गेली. डोळा सरळ व्हायला मात्र काही आठवडे लागले. तोवर तिला फळ्यावरचं छापून द्यावं आणि जिने टाळावेत, यासाठी मी आईबरोबर शाळेत गेले. बाईंना वाईट वाटलं होतं. पण त्यांचा प्रश्न रास्त होता: "मग हिचं नेहमीचं काय आणि धोक्याचं काय, हे आम्ही कसं ओळखायचं?"

हायड्रोसेफॅलस, म्हणजे डोक्यात असं पाणी साठणं, असलेली बरीच मुलं बोलण्यात चुणचुणीत असतात, त्यामुळे त्यांची गणितातली आणि क्रम लावण्यातली अडचण लपून राहते. हिचंही तसंच आहे. हात सावकाश चालतो, तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी सुटते. हे पहिलीपासूनचं, आणि त्यावर उपाय म्हणजे जास्त वेळ, कमी उतरवणं, एका वेळी एकच सूचना. धोका असतो तो बदलात. काल येत होतं ते आज येईना, नीट बसणारं अक्षर बिघडलं, दुपारी डोळे मिटू लागले, कॅथेटरने लघवी काढायच्या दोन वेळांमध्ये कपडे ओले होऊ लागले, तर ते घरी सांगायचं. मणक्यातली मज्जारज्जू ओढली गेल्यावरही चाल आणि लघवी अशीच बिघडते, त्यामुळे नेमकं कारण डॉक्टर शोधतील. पण डोकेदुखीबरोबर उलटी किंवा गुंगी दिसली, तर आराम करायला वेगळ्या खोलीत झोपवून ठेवायचं नाही, लगेच फोन करायचा. बाईंनी तिची चांगल्या दिवसांतली दोन पानं, एक श्रुतलेखनाचं आणि एक फळ्यावरून उतरवलेलं, तारीख घालून कपाटात ठेवली, पुढे ताडून बघायला. ही कल्पना त्यांचीच, आणि मी ती आता इतर शाळांनाही सांगते.

शाळेत व्हीलचेअरही वापरावी असं मी सुचवलं, त्याला मात्र आई तयार होईना. "चालणारी मुलगी बसवून ठेवायची?" मी तिला वर्गापासून मैदानापर्यंतचं अंतर चालून दाखवलं. कुबड्यांवर ते संपेपर्यंत मुलीची निम्मी सुट्टी जाते, आणि दमलेल्या हातांनी पुढच्या तासाला लिहायचं असतं. शेवटी ठरलं ते असं: वर्गात आणि घरात स्प्लिंट-कुबड्या, लांब अंतराला व्हीलचेअर. खुर्चीतही बसल्याजागी दर थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, कारण बैठकीच्या कातडीला दाब कळत नाही. आता सुट्टी झाली की ती मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचते.