पांढऱ्या कॅनव्हास बुटांवरचे पिवळे डाग

मुलाच्या बुटांची धूळ, चिखल, घासणं यांचा मला कधी त्रास झाला नाही. वैताग आणला तो पिवळ्या डागांनी. बूट घासून स्वच्छ करावेत, वाळेपर्यंत पांढरेशुभ्र दिसावेत आणि वाळल्यावर नेमकं पुढच्या टोकाला, रबराच्या पट्टीला लागून पिवळी रेघ उमटावी! वर पॉलिश फासलं तरी थोड्या वेळात ती पुन्हा डोकं वर काढणारच.

कारण कळल्यावर राग जरा शांत झाला. तो वरून लागलेला मळ नसतोच. जाड कापडात साबण राहून जातो. बूट वाळताना पाणी कापडाच्या पृष्ठभागाकडे येतं, सोबत साबण आणि विरघळलेला मळ आणतं आणि जिथे सगळ्यात शेवटी वाळतं तिथे ते सगळं सोडून उडून जातं. पांढरं पॉलिशही पातळच असतं, त्यामुळे त्याच्या ओलाव्याने हाच खेळ पुन्हा सुरू होतो. ओळखायचं कसं? डागावर साधं पाणी लावून बोटाने चोळा. बुळबुळीत लागलं किंवा बारीक फेस आला, तर साबणच.

म्हणून मी आता घासण्यापेक्षा खळबळण्यावर जास्त वेळ घालवते. बूट पाण्यात दाबून सोडायचा, फेस यायचा थांबेपर्यंत. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकते. मग बुटावर साधा पांढरा टिश्यू पेपर ओला करून घट्ट चिकटवायचा आणि तसाच सावलीत वाळवायचा. पिवळेपणा कापडाऐवजी कागदावर उतरतो. तो पिवळा कागद सोलून काढताना मला अजूनही आसुरी आनंद होतो. छापील कागद मात्र नको, शाई उतरते. ब्लीचही नको, त्याने कापड कमजोर होतं आणि उलट पिवळं पडतं. व्हिनेगरमध्ये तर ब्लीच मुळीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. कागद बदलूनही डाग हलला नाही, तर तो बहुधा सोलच्या गोंदाचा. तो पॉलिशखाली झाकण्यापलीकडे उपाय नाही.

पॉलिश आठवड्यातून एकदाच, धुतल्यानंतर आणि पातळ. थरावर थर चढवले की बोटांजवळ बूट दुमडतो तिथे तडे जाऊन पापुद्रे सुटतात. मधल्या दिवसांत खडू. चिखल ओला असताना पुसू नका, पसरतो; वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा आणि डागावर कोरडा खडू घासा. जागा मोठी असेल तर खडूची पूड पाण्यात दुधापेक्षा जरा दाट कालवून स्पंजने लावा. खडूला धरून ठेवणारं काही नसतं, त्यामुळे तो दिवसभरात झडतो, हे गृहीतच धरा. लावल्यावर वाळला की बूट एकदा आपटा, नाहीतर गडद पँटच्या कडेला पांढरी पूड लागते.

आणि हो, धुण्याआधी नाड्या काढा. नाडीखालच्या भागात साबण सगळ्यात जास्त अडकतो.