"तत्रैव" म्हणजे नक्की कुठं? तळटिपांनी घेतलेली माझी परीक्षा

माझा पीएचडीचा विषय इतिहासातला, पण एक पाय कायद्यात. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम, म्हणजे करवीर दरबारच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना, आणि तिथनं पुढं सुप्रीम कोर्टात हाच ५० चा आकडा कमाल मर्यादा म्हणून कसा आला, असा प्रवास. राहणार कोल्हापुरातच, त्यामुळं पुराभिलेखागारात जाऊन कागद बघणं सोपं होतं. संदर्भ लिहिणं मात्र सोपं गेलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात मी कंसातल्या संदर्भांनी केलती. म्हणजे वाक्य संपलं की कंसात आडनाव, साल, पान. एका समाजशास्त्राच्या मित्राचा प्रबंध समोर होता, त्याचं बघून. छापील पुस्तकांपुरतं हे झकास चाललं. पण दफ्तरातल्या कागदाला लेखक कोण? मग मी "पुराभिलेखागार १९०२" असं लिहायला लागलो, आणि त्याच सालाचे कागद जसे वाढले तसं १९०२अ, १९०२आ, १९०२इ करत बाराखडीच सुरू झाली. वाचणाऱ्याला त्यातनं काय कळणार, पत्र आहे का हुकूम आहे का कुणाचा अर्ज? शिवाय त्या हुकुमात मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे, ही व्याख्या कुठंतरी सांगायला पाहिजे होती, आणि ती कंसात बसत नाही. इतिहासवाले तळटीप का सोडत नाहीत ते मला तिथं कळलं, कारण कागदाची ओळख आणि दोन ओळींचा खुलासा दोन्ही एकाच जागी मावतं.

वकिली करणाऱ्या माझ्या चुलतभावाला यातलं काहीच पटलं नाही. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाल्यापासनं तो रोज याचिकांत बुडालेला असतो. तो म्हणाला, "अरे, आम्ही सायटेशन थेट मजकुरातच टाकतो, जज वाचताना खाली बघत बसणार आहेत का?" त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तिथं निवाडा हाच मुद्दा असतो, म्हणून त्याचं नाव आणि निवाडे छापणाऱ्या रिपोर्टरचा नंबर वाक्यातच पाहिजे. प्रबंधात मात्र एका पानावर पाच निवाडे आले की वाक्य कुठं सुरू झालं तेच विसरायला होतं.

मग सगळ्या टिपा उचलून प्रकरणाच्या शेवटी टाकल्या, पान स्वच्छ दिसतं म्हणून. सरांनी पहिलं प्रकरण प्रिंटवर वाचलं. डाव्या हाताचं बोट टिपांच्या पानात, उजव्या हातात पेन्सिल, आणि दर दोन मिनिटाला पुढं-मागं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "बोट दुखायला लागलं बघ." वर प्रत्येक प्रकरणात नंबर परत १ पासनं, त्यामुळं "टीप १४" म्हटलं की कुठल्या प्रकरणातली हे आधी शोधा. मग प्रकरणाच्या शेवटी टिपा टाकणं पण गेलं. आता टीप त्याच पानाच्या तळाला.

खरा घोळ याच्या पुढं झाला. तोच स्रोत परत आला की मी "तत्रैव" लिहायचो. इंग्रजीत ज्याला इबिड म्हणतात तेच, म्हणजे लगेच वरच्या टिपेतला स्रोत. जागा वाचते, दिसायला विद्वान पण दिसतं. पाचव्या प्रकरणात टीप ३६ होती इंद्रा साहनी वि. भारत संघ, १९९२ सप्लिमेंट (३) एससीसी २१७. टीप ३७ ला नुसतं "तत्रैव, परिच्छेद ८१०", आणि वर मजकुरात वाक्य की ५० टक्के हा नियम, पण अपवादात्मक परिस्थिती नजरेआड करता येत नाही, असं नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठात बहुमतानं ठरलं. अगदी बरोबर होतं. मग महिनाभरानं मी मधी एक वाक्य घुसडलं, की याच्या तीस वर्षं आधी म्हैसूर सरकारचं ६८ टक्के आरक्षण कोर्टानं रद्द केलं होतं, आणि त्याला टीप टाकली बालाजी वि. म्हैसूर राज्य, एआयआर १९६३ एससी ६४९. वर्डनं नंबर आपोआप सरकवले, ३७ ची ३८ झाली. पण "तत्रैव" हा नुसता टाईप केलेला शब्द, त्याला काय कळतंय वर कोण येऊन बसलंय? आता तो बालाजीकडं बोट दाखवायला लागला. आणि बालाजी निवाडा पाच न्यायाधीशांचा, त्यात परिच्छेद ८१० यायचा कुठनं!

सरांनी तिथंच पकडलं. आणि मजा म्हणजे चूक नजरेला दिसत नाही, लाल रेघ येत नाही, टीप वाचायला एकदम व्यवस्थित. त्यांनी मला एक काम लावलं, प्रत्येक "तत्रैव" वर थांबायचं आणि वरची टीप मोठ्यानं वाचायची. तसं केल्यावर अजून सात ठिकाणी घसरलेलं सापडलं. दोन ठिकाणी वरच्या टिपेत दोन-दोन स्रोत होते, म्हणजे तत्रैव नक्की कुठला, मलाच आठवेना. "पूर्वोक्त" ची तर आणखी तऱ्हा, लेखकाचं नाव आणि पूर्वोक्त लिहिलेलं, पण त्या लेखकाची दोन पुस्तकं मी वापरलेली, आणि पहिला उल्लेख साठ टिपा मागं.

म्हणून सगळे तत्रैव काढून टाकले. शिकागो पद्धतीत पण २०१७ च्या आवृत्तीपासनं इबिडपेक्षा छोट्या रूपालाच पसंती आहे, मी काही जगावेगळं केलं नाही. पुस्तकाचा पहिला उल्लेख पूर्ण, नंतर आडनाव, नावातले दोन-तीन ठळक शब्द आणि पान. नाव असं कापायचं की दुसऱ्या पुस्तकाशी गल्लत होऊ नये. दफ्तराच्या कागदाला पहिल्यांदा पूर्ण नाव देऊन "यापुढे कोपु" असं सांगायचं, पण फाईल नंबर आणि तारीख कधीच कापायची नाही, संस्थेचं नाव आखडलं तर चालतं, कागदाचा पत्ता आखडला की कागदच हरवला.

निवाड्यांना मी ब्रिटिश विद्यापीठांतल्या कायद्याच्या लेखनातली ऑस्कोला पद्धत थोडी उचलली. "इंद्रा साहनी (टीप ३६), परिच्छेद ८१०", म्हणजे छोटं नाव आणि पूर्ण सायटेशन कुठल्या टिपेत आहे तो नंबर. आता मधी कितीही टिपा घुसू देत, नाव तिथंच असतंय. नंबर मात्र हातानं टाईप करायचा नाही. References मध्ये जाऊन Cross-reference, त्यात Footnote निवडायचं, मग तो नंबर जिवंत राहतो. जिवंत म्हणजे अर्धवट जिवंत, नवी टीप घातली की तो लगेच बदलत नाही, सिलेक्ट करून F9 दाबावं लागतं. आणि Ctrl+A फक्त वरचा मजकूर धरतं, तळटिपा धरत नाही. कर्सर एखाद्या तळटिपेत ठेवून तिथं वेगळं Ctrl+A आणि वेगळं F9. हे मला राजारामपुरीत प्रिंट काढून झाल्यावर कळलं, चाळीस पानं गेली. ज्या टिपेकडं बोट आहे तीच उडवली असेल तर F9 नंतर "Error! Bookmark not defined." असं येतं, ते बरंच, निदान ओरडतं तरी.

एक पथ्य अजून. माझे नंबर प्रत्येक प्रकरणात नव्यानं सुरू होतात, म्हणून सहाव्या प्रकरणात इंद्रा साहनी पहिल्यांदा आला तिथं परत पूर्ण सायटेशन दिलं. चुलतभाऊ ते बघून म्हणाला, एवढं करण्यापेक्षा मजकुरातच टाकलं असतंस की. त्याला सहाव्या प्रकरणाचं एक पान वाचायला दिलंय, त्यात नऊ निवाडे आहेत, अजून परत आलेलं नाही.