‘क’चा स्तंभ बदलला तेव्हा

उत्पादनाचा आराखडा सोडवून झाला होता. अ, ब आणि क असे तीन प्रकारचे माल, आणि कटिंग व फिनिशिंग अशी दोन मशीन. सगळं टनांत मोजायचं, म्हणून अपूर्णांक आले तरी हरकत नव्हती. गणित असं होतं:

```
कमाल नफा = ३०अ + २०ब + ३६क
कटिंग तास:     २अ + १ब + २क ≤ १०५
फिनिशिंग तास:  १अ + १ब + ३क ≤ ७५
```

अशी गणितं सोडवणाऱ्या सिम्प्लेक्स पद्धतीने उत्तर दिलं: अ ३० टन, ब ४५ टन, क शून्य, नफा १८००. बेसिसमध्ये, म्हणजे उत्तर ज्यांच्यावर उभं आहे त्या चलांत, अ आणि ब; क बाहेर. टनामागे नफा क-चा सगळ्यात जास्त, तरी तोच बाहेर, कारण फिनिशिंगचे तीन-तीन तास तो एकटा खात होता.

दोन दिवसांनी निरोप आला की क-ची पद्धत बदलली आहे आणि त्याला आता फिनिशिंगचे दोनच तास लागतील. म्हणजे क-चा स्तंभ (२, ३) होता, तो (२, २) झाला. मी लगेच सगळा टॅब्लो, म्हणजे सिम्प्लेक्सचा तक्ता, पहिल्यापासून मांडायला घेतला. शेजारी बसणारे सर म्हणाले, “थांब जरा. क तुझ्या उत्तरात किती आहे?”

“शून्य.”

“मग त्याचे तास बदलल्याने मर्यादा कशा मोडतील?”

त्यांचं खरं होतं. शून्याला दोनाने गुणा की तीनाने, अ ३० आणि ब ४५ यांना लागणारे तास तेवढेच राहतात. जुनं उत्तर शक्य आहेच, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो की ते अजून सर्वोत्तम आहे का. आणि स्तंभ एकट्या क-चा बदललेला असल्यामुळे एकच आकडा तपासायचा: क-ची रिड्यूस्ड कॉस्ट.

त्यासाठी तासांच्या ड्युअल किमती लागतात, म्हणजे एक तास जास्त मिळाला तर नफा किती वाढेल ते आकडे. त्या बेसिसमधल्या अ आणि ब यांच्यावरूनच ठरतात. कटिंगच्या तासाची किंमत प आणि फिनिशिंगची फ धरली, तर अ-साठी २प + फ = ३० आणि ब-साठी प + फ = २०. दोन्ही किमती १० निघतात. या समीकरणांत क कुठेच नाही. म्हणूनच त्याचा स्तंभ कितीही हलवला तरी किमती जागच्या हलत नाहीत, आणि या चाचणीचा सगळा आधार तोच आहे.

आता क-चा एक टन करायचा तर किती किमतीचे तास दुसरीकडून काढून घ्यावे लागतील? जुन्या स्तंभाने १०×२ + १०×३ = ५०, आणि मिळणार ३६. फरक १४. नव्या स्तंभाने १०×२ + १०×२ = ४०, मिळणार ३६, फरक ४. अजूनही तोटाच. जुनं उत्तर टिकलं, आणि दोन ओळींत काम झालं. मी हा फरक ‘लागणारं वजा मिळणारं’ असा धरते, म्हणजे zⱼ − cⱼ. नफा वाढवायच्या गणितात तो शून्य किंवा धन असला की उत्तर टिकतं. काही सॉफ्टवेअर उलटी वजाबाकी दाखवतात. त्यामुळे छापून आलेल्या चिन्हावर मी भरवसा ठेवत नाही, एकदा हाताने वजाबाकी करून पाहते.

पुढच्या आठवड्यात कटिंगचाही एक तास वाचला आणि स्तंभ झाला (१, २). आता लागणारं १० + २० = ३०, मिळणारं ३६, फरक उणे ६. क-च्या प्रत्येक टनामागे ६ जास्त. उत्तर आता सर्वोत्तम राहिलं नाही, क-ला बेसिसमध्ये आणायचं.

इथे मी चुकले. रिड्यूस्ड कॉस्टची ओळ नवी लिहिली, पण टॅब्लोमधला क-चा स्तंभ पुसायचा राहिला. तिथे जुन्या (२, ३) वरून आलेले −१ आणि ४ तसेच होते. म्हणजे क एक टन वाढला की अ एकने वाढतो आणि ब चारने घटतो. गुणोत्तर काढलं, ४५ ÷ ४ = ११.२५. ब संपला, क ११.२५, अ ४१.२५. नफा १८०० + ६×११.२५ = १८६७.५ व्हायला हवा होता. मूळ सूत्रात आकडे घातले तर आला १६४२.५, म्हणजे आधीपेक्षाही कमी!

कितीतरी वेळ मी बेरजा तपासत बसले. मग दोन्ही मशीनचे तास मोजले. कटिंगचे ९३.७५ वापरले गेले होते, फिनिशिंगचे ६३.७५. दोन्हीकडे बरोबर ११.२५ तास रिकामे, जे टॅब्लोच्या मते शून्य असायला हवे होते. तासाला १० प्रमाणे त्यांची किंमत २२५, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष नफ्यातला फरकही २२५. जुना स्तंभ न झालेल्या कामाचेही तास क-च्या नावावर लावत होता, हे तेव्हा लख्ख दिसलं.

दुरुस्ती साधी आहे. बेसिसचा व्यस्त मॅट्रिक्स टॅब्लोत स्लॅकच्या, म्हणजे रिकाम्या तासांच्या, स्तंभांखाली असतोच; माझ्याकडे त्याच्या ओळी (१, −१) आणि (−१, २) होत्या. नव्या स्तंभाला त्याने गुणायचं: १ − २ = −१ आणि −१ + ४ = ३. आता गुणोत्तर ४५ ÷ ३ = १५. क १५, अ ४५, ब शून्य. कटिंग ९० + १५ = १०५, फिनिशिंग ४५ + ३० = ७५, एकही तास रिकामा नाही. नफा १३५० + ५४० = १८९०, म्हणजे १८०० अधिक सहा गुणिले पंधरा.

ब पुन्हा आत येतो का हेही पाहावं लागलं, कारण बेसिस बदलला की किमती बदलतात. कटिंग ८, फिनिशिंग १४. ब-ला लागणारं २२, मिळणारं २०. तो बाहेरच राहिला.

एक मर्यादा मला नंतर दुसऱ्याच गणितात भेटली. बेसिसमधलं एखादं चल आधीच शून्यावर बसलेलं असेल, तर रिड्यूस्ड कॉस्ट ऋण असूनही गुणोत्तर शून्य निघू शकतं आणि नफा जागचा हलत नाही. ऋण आकडा ‘आणून बघा’ एवढंच सांगतो.

महिन्याभराने क-चं फिनिशिंग अडीच तासांवर गेल्याचं कळलं. सवयीने मी जुन्या किमती घेऊन गुणायला लागले आणि थांबले. क आता बेसिसमध्ये होता. त्याचा स्तंभ हलला की बेसिसचा मॅट्रिक्सच हलतो आणि त्याच्याबरोबर सगळंच. नव्याने सोडवलं: अ ४६.८७५, क ११.२५, किमती ९.७५ आणि १०.५, नफा १८११.२५. ब-ला लागणारं २०.२५, मिळणारं २०. पाव एककाच्या फरकाने ब बाहेर राहिला.